पकडले ४२, वापरणारे किती?

गेल्या सत्राच्या अखेरीस आमच्या स्टाफ रूममध्ये एक कागद हातोहात फिरत होता. तृतीय वर्षाच्या २४० प्रकल्प-अहवालांपैकी ४२ अहवाल एआयने लिहिलेले असावेत, असे डिटेक्टरने सांगितले होते आणि कागदाच्या तळाशी कोणीतरी पेनाने भागाकार करून ठेवला होता : १७.५ टक्के. (मुंबईतले हे महाविद्यालय ओळखू येऊ नये आणि पुढचा हिशेब सोपा जावा, म्हणून आकडे मी बसवून घेतले आहेत.) दुपारच्या बैठकीत त्याच भागाकाराचे ‘आपल्याकडे साडेसतरा टक्के विद्यार्थी चॅटजीपीटी वापरतात’ असे वाक्य झाले, संध्याकाळी ते इतिवृत्तात गेले आणि त्यावर तीन निर्णयही झाले. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे बैठकीतच आक्षेप घ्यायला हवा होता. पण सहा वाजत आले होते, पाऊस होता, आणि गाड्या उशिराने धावत असल्याची बातमी आली होती. तो आक्षेप येथे सविस्तर मांडतो.

माझे म्हणणे असे की, किती विद्यार्थी चॅटजीपीटीसारखे भाषा-मॉडेल वापरतात याचा अंदाज डिटेक्टरच्या शिक्क्यांवरून काढता येत नाही. तो विद्यार्थ्यांना विचारूनच काढावा लागतो, आणि विचारताना कोणी काय उत्तर दिले हे विचारणाऱ्यालाही कळणार नाही अशी सोय करावी लागते. चूक दोन्ही मार्गांत आहे. पहिल्या मार्गातली चूक किती मोठी आहे हे आपल्याला ठाऊक नसते, तर दुसऱ्या मार्गातल्या चुकीचा बराचसा भाग आपण स्वतःच ठरवून घातलेला असतो, आणि म्हणून तो वजा करता येतो.

आधी डिटेक्टरकडे पाहू. ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचाच एक डिटेक्टर उपलब्ध करून दिला आणि त्याच्या चुकांचे दरही जाहीर केले : इंग्रजी मजकुरांच्या चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरांपैकी २६ टक्के तो ओळखत होता आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर चुकून शिक्का मारत होता. अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये तो मागे घेतला. आमच्या महाविद्यालयाने वापरलेले सॉफ्टवेअर हे नव्हे. मी हे उदाहरण घेतो ते दोन्ही दर उघडपणे सांगितलेले असल्यामुळे, कारण ते दोन दर हातात नसतील तर शिक्क्यांच्या मोजणीला काहीच अर्थ उरत नाही.

आता हे दर आमच्या २४० अहवालांना लावून पाहा. एकाही विद्यार्थ्याने मॉडेल वापरले नसेल, तरी ९ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे २२ अहवालांवर शिक्का बसेल. सगळ्यांच्या सगळ्यांनी, अगदी २४०च्या २४० जणांनी वापरले असेल, तर २६ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६२ अहवालांवर बसेल. म्हणजे प्रत्यक्ष वापर शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कुठेही असला, तरी या यंत्राचा काटा २२ आणि ६२ यांच्यामध्येच हलणार. आमचे ४२ बरोबर मध्यावर पडतात, आणि त्यांचा अर्थ निम्म्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे १२० जणांनी, वापर केला असा होतो. त्या १२० जणांपैकी सुमारे ३१ सापडले, उरलेल्या निर्दोष १२० जणांपैकी सुमारे ११ विनाकारण अडकले, आणि ३१ व ११ मिळून ४२ झाले. इतिवृत्तातल्या साडेसतरा टक्क्यांचा या पन्नास टक्क्यांशी काहीही संबंध नाही.

ही दुरुस्ती नवी नाही. रोगनिदानाच्या चाचण्या चुकतात हे गृहीत धरून खरे प्रमाण कसे काढावे, याचे सूत्र रोगन आणि ग्लाडेन यांनी १९७८मध्ये मांडले आणि साथरोगांचे अभ्यासक ते नित्य वापरतात. मग डिटेक्टरच्या आकड्यालाही तेच सूत्र लावावे, असे कोणी म्हणेल. लावता येते, पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, काट्याचा प्रवासच इतका तोकडा असल्यामुळे लहानशा योगायोगानेही उत्तर फार हलते. केवळ नशिबाने ४२ऐवजी ३६ शिक्के बसले तर अंदाज ३५ टक्क्यांवर येतो आणि ४८ बसले तर ६५ टक्क्यांवर जातो. आणि २४० अहवालांत सहाचा फरक पडणे ही अगदी साधी गोष्ट आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ते ९ टक्के आपल्या विद्यार्थ्यांसाठी ९ टक्केच आहेत कशावरून? ते १५ टक्के असतील, तर त्याच ४२ शिक्क्यांवरून वापर ५० टक्क्यांऐवजी २३ टक्के निघतो. ५ टक्के असतील, तर ६० टक्के निघतो. ही शंका हवेतली नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये सात डिटेक्टर तपासले तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी इंग्रजीच्या टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर त्या यंत्रांनी सरासरी ६१ टक्के वेळा एआयचा शिक्का मारला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या निबंधांवर मात्र ती यंत्रे क्वचितच चुकली. मर्यादित शब्दसंग्रह आणि ठरावीक वाक्यरचना यांमुळे मजकूर पुढे काय येणार याचा अंदाज सहज बांधता येतो, आणि यंत्र नेमका तोच गुण संशयास्पद मानते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीत अचानक इंग्रजीला सामोरी गेलेली, गाइडमधली वाक्ये पाठ करून इंग्रजी लिहायला शिकलेली मुलगी नेमके असेच लिहिते. तिच्या वर्गासाठी चुकीचा दर काय आहे हे कोणी मोजलेले नाही, आणि कंपनीच्या माहितीपत्रकातला दर तिच्या वर्गाला लावता येत नाही.

नवे डिटेक्टर त्या जुन्या यंत्रापेक्षा पुष्कळ बरे आहेत, हे मान्य करायला हवे. पण त्यांचे दर बहुधा जसाच्या तसा उचललेल्या मजकुरावर काढलेले असतात, आणि आमचे विद्यार्थी मजकूर जसाच्या तसा ठेवतातच असे नाही. शिवाय डिटेक्टरसमोर जे येतच नाही त्याचे काय? आमच्याकडे प्रथम वर्षाच्या असाइनमेंट अजूनही फुलस्केपवर हाताने लिहून घेतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात चक्कर मारली, तर मोबाइल भिंतीला टेकवून पडद्यावरचे उत्तर निळ्या पेनाने उतरवून घेणारी मुले ओळीने बसलेली दिसतात. ते हस्ताक्षर कोणताही डिटेक्टर तपासत नाही. संदर्भग्रंथाचे प्रकरण समजावून घेणे, प्रकल्पाचा विषय सुचवून घेणे, मराठीत लिहिलेल्या परिच्छेदाचे इंग्रजी करून घेणे, तोंडी परीक्षेसाठी संभाव्य प्रश्न काढून घेणे, या वापरांची खूण अहवालात राहत नाही किंवा फार पुसट राहते. टर्निटिन कंपनीने एप्रिल २०२४मध्ये सांगितले, की तपासलेल्या २० कोटींहून अधिक लेखांपैकी सुमारे ११ टक्के लेखांत किमान पाचवा भाग एआयचा असावा. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या हेपी या शिक्षणविषयक संस्थेच्या पाहणीत ५३ टक्के विद्यार्थ्यांनी मूल्यमापनाच्या कामात एआय वापरल्याचे सांगितले. दोन्ही समूह वेगळे आहेत, त्यामुळे हे आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. पण एक आकडा मजकुराविषयी आहे आणि दुसरा माणसाविषयी, हे त्यांवरून दिसते.

आता विचारण्याकडे वळू. ‘तुम्ही प्रकल्पात एआयने लिहिलेला मजकूर घातला का’ असा प्रश्न शिक्षकाने वर्गात विचारला, तर उत्तर काय येईल हे सांगायला नको. त्यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे गूगल फॉर्म, आणि त्याच्या माथ्यावर ‘आपली माहिती गोपनीय राहील’ असे एक वाक्य. तो फॉर्म महाविद्यालयाच्या ईमेल खात्यातून उघडतो, हे मुलांना आपल्याआधी कळते. गोपनीयतेचे आश्वासन देणे वेगळे, आणि उत्तर फुटले तरी त्यातून काहीच कळणार नाही अशी रचना करणे वेगळे. ही दुसरी गोष्ट कशी करायची हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५मध्ये दाखवून दिले, आणि पुढे त्यातून निघालेली एक सुटसुटीत रीत आमच्यासारख्या ठिकाणी सहज वापरता येते.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक फासा आणि एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. त्याने बाकाखाली, कोणालाही न दाखवता फासा टाकायचा. एक पडला तर काही विचार न करता ‘हो’वर खूण करायची, सहा पडले तर ‘नाही’वर, आणि दोन ते पाच यांपैकी काही पडले तर प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे. मग चिठ्ठी घडी करून पेटीत टाकायची. एखाद्याची ‘हो’ची चिठ्ठी उद्या प्राचार्यांच्या टेबलावर आली, तरी त्याला एक पडला होता की त्याने खरेच मजकूर उचलला होता, हे कोणीही सांगू शकणार नाही. अख्ख्या वर्गाचा हिशेब मात्र लागतो. २४० जणांपैकी सुमारे ४० जणांना एक पडणार आणि ते ‘हो’ म्हणणार, सुमारे ४० जणांना सहा पडणार आणि ते ‘नाही’ म्हणणार, उरलेले १६० जण खरे सांगणार. समजा, पेटीत ‘हो’च्या १४० चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या ४० फाशाच्या, म्हणून १०० खऱ्या. आणि १६० जणांत १०० म्हणजे ६२.५ टक्के.

या गुप्ततेची किंमत मोजावी लागते, आणि ती किती हे आधीच सांगता येते. फाशाविना सरळ विचारून तेच प्रमाण आले असते, तर अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ६ टक्क्यांची मोकळीक ठेवावी लागली असती. फाशामुळे ती ९ टक्क्यांच्या थोडी वर जाते. म्हणजे खरे प्रमाण साधारण ५३ ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान असावे, एवढेच म्हणता येते. डिटेक्टरच्या उदाहरणात त्याचे दोन्ही दर अचूक ठाऊक आहेत असे मानले, तरीही ही मोकळीक सुमारे २८ टक्क्यांची होते, आणि ते दर अचूक ठाऊक नसतातच. फाशावर एक पडण्याची शक्यता मात्र सहात एक आहे, मग फासा मराठी माध्यमातल्या मुलीच्या हातात असो की दक्षिण मुंबईतल्या शाळेतून आलेल्या मुलाच्या.

फासाच का, याविषयी थोडे अवांतर. पाठ्यपुस्तके नाणे उडवायला सांगतात. पण मी वर्गात नाणे काढायला सांगितले तेव्हा साठ जणांत चार-पाच नाणी निघाली, कारण वडापावचे पैसेसुद्धा आता फोनवरून जातात. दुसरी एक रीत अशी, की ‘तुमच्या आईचा जन्म जानेवारी ते मार्चमधला आहे का’ असा निरुपद्रवी प्रश्न खऱ्या प्रश्नाशी जोडायचा आणि ‘दोन्ही उत्तरे सारखी’ की ‘वेगळी’ एवढेच सांगायला लावायचे. परदेशात ती चालते, कारण जन्म बारा महिन्यांत साधारण सारखे विखुरलेले असतात. आपल्याकडे मात्र आधीच्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकली आहे, हे कोणत्याही सरकारी कार्यालयातली निवृत्तीची यादी पाहिली की कळते. जून असा फुगलेला म्हटल्यावर बाकीचे महिने तितके आक्रसले, आणि पुस्तकातला हिशेब मोडला. म्हणून लुडोच्या डब्यातले फासे बरे. घाऊक बाजारात ते स्वस्तात मिळतात.

या रीतीला एक खोट आहे आणि ती मी लपवणार नाही. ज्याने काहीच केलेले नाही त्याला एक पडले, तर ‘हो’वर खूण करणे त्याच्या जिवावर येते. ‘सर, मी केलंच नाही, तर हो कशाला लिहू?’ हा प्रश्न मला पहिल्याच वेळी पुढच्या बाकावरून आला, आणि तो विचारणारी मुलगी वर्गातली सर्वांत प्रामाणिक होती. अशी मुले गुपचूप ‘नाही’ लिहितात आणि अंदाज खाली येतो. हे घडले की नाही ते तपासता येते. मुख्य प्रश्नाबरोबर एक असा प्रश्न विचारायचा, की ज्याचे खरे उत्तर सगळ्यांचे ‘नाही’च आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे; उदाहरणार्थ, ‘या प्रकल्पाची माहिती गोळा करायला तुम्ही परदेशात गेला होतात का?’ त्यासाठी फासा पुन्हा टाकायचा. येथे ‘हो’च्या चिठ्ठ्या सुमारे ४० यायला हव्यात, योगायोगाने २९ ते ५१ येऊ शकतात. आल्या २५, तर समजायचे की एक पडलेल्यांपैकी काहींनी फाशाचे ऐकलेले नाही. मग मुख्य प्रश्नातही फाशाच्या ‘हो’ ४०ऐवजी २५च धरल्या, तर १४०मधून ११५ खऱ्या उरतात आणि अंदाज ६२.५ऐवजी ७२ टक्क्यांच्या आसपास जातो. डिटेक्टर आपल्या वर्गात किती चुकतो हे असे त्याच दुपारी, त्याच वर्गात तपासण्याची सोय नाही.

प्रश्नाचे शब्द हा सगळ्यांत निसरडा भाग आहे. हेपीच्याच २०२५च्या पाहणीत कोणत्याही कारणासाठी एआय वापरणारे विद्यार्थी ९२ टक्के होते, मूल्यमापनाच्या कामात वापरणारे ८८ टक्के, आणि एआयचा मजकूर थेट आपल्या लेखनात घालणारे १८ टक्के. समूह तोच, पाहणी तीच, तरी ‘किती वापरतात’ याची उत्तरे ९२ आणि १८ इतकी दूर. म्हणून ‘तुम्ही एआय वापरता का’ हा प्रश्न मी विचारणारच नाही. मी विचारीन : ‘या सत्रातल्या प्रकल्प-अहवालात, चॅटजीपीटी, जेमिनी, व्हॉट्सॲपमधले मेटा एआय किंवा अशा दुसऱ्या साधनाने लिहून दिलेला किमान एक परिच्छेद, किरकोळ बदल करून किंवा न करता, तुम्ही घातला का?’ वाक्य लांबलचक आहे, पण त्यात कोणते काम, किती काळातले, कोणती साधने आणि किती मजकूर, हे सारे ठरलेले आहे. व्हॉट्सॲपचे नाव मुद्दाम घातले, कारण तिथे विचारलेले ‘एआय’मध्ये मोडते हे अनेकांच्या ध्यानातच नसते. समजून घेणे, भाषांतर, भाषा सुधारणे यांसारख्या ज्या वापरांची कोणाला लाज वाटत नाही, त्यांच्यासाठी फाशाची गरज नाही. बिननावाची साधी चिठ्ठी पुरते, आणि त्यात अंदाजही अधिक नेमका येतो.

उरला प्रश्न उत्तर देतो कोण याचा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की ती भरणारे ठरलेले असतात, आणि एरवीच्या तासाला २४० पैकी निम्मे तरी हजर असले तर नशीब. महाराष्ट्राला हा धडा शेतीने फार पूर्वी दिला आहे : बांधावर उभे राहून नजरेने पीक किती आले ते ठरवायचे, की चिठ्ठ्या टाकून शेत निवडायचे, त्यात मोजून तुकडा आखायचा आणि पीक कापून तोलायचे. या दुसऱ्या रीतीला देशात शास्त्रीय पाया देणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते. आमच्याकडे तेच करायचे तर हॉल तिकीट वाटण्याचा दिवस निवडावा, कारण त्या दिवशी सगळे येतात, विरारहून येणारेही आणि नोकरी करून शिकणारेही. पेटी ग्रंथालयात ठेवावी, तिच्याजवळ त्या मुलांना शिकवणारे कोणी नसावे, आणि किती जणांनी चिठ्ठी घेतलीच नाही तो आकडाही निकालाबरोबर छापावा. न घेणारे ६० असतील तर वरचा सगळा हिशेब १८० जणांचा आहे, आणि त्या ६० जणांविषयी तो काहीही सांगत नाही.

‘पण मुले खोटे बोलतील’ हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो बहुधा डिटेक्टरवर विश्वास ठेवणाऱ्यांकडूनच येतो. काही मुले खोटे बोलतील हे खरे. पण ते खोटे एकाच दिशेचे असते, म्हणजे केलेले नाकारण्याचे. त्यामुळे आलेला आकडा किमान समजून चालता येते. शिवाय अर्ध्या वर्गाला सरळ चिठ्ठी आणि अर्ध्या वर्गाला फाशासह चिठ्ठी अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, तर दोन्ही अंदाजांतल्या फरकावरून भीतीपोटी किती लपवले जाते तेही दिसते. वर्ग मोठा हवा, एवढीच अट. २४०मध्ये बारीक फरक दिसणार नाही, चार-पाच महाविद्यालये एकत्र आली तर दिसेल.

दुसरा आक्षेप आमच्या प्राचार्यांनी घेतला, तोही रास्त होता. ‘सर, तुमच्या पेटीतून मला एकही नाव मिळणार नाही,’ ते म्हणाले. नाहीच मिळणार. प्रकल्पाचे गुण कमी करून तोंडी परीक्षेला वाढवायचे का, प्रकल्प वर्गातच लिहून घ्यायचा का, हे ठरवायला प्रमाण लागते, नावे लागत नाहीत. आणि नावेच हवी असतील, तर डिटेक्टरने दिलेल्या ४२ नावांत वरच्या हिशेबाप्रमाणे ११ निर्दोष आहेत आणि न दिलेल्या नावांत ८९ जण सुटले आहेत. प्राचार्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली आणि ते ११ कोणते ते दाखवायला सांगितले. मी यादी वाचली. तिसऱ्या क्रमांकावर, ‘केलंच नाही तर हो कशाला लिहू’ असे विचारणाऱ्या मुलीचे नाव होते.